रूल 33 लिहिलं आणि मार्क गेले: समोरच्या पार्टीचा जुना कामगार आपल्याच ऑफिसात आला तर?

मॅडम, नमस्कार. मी बेळगावात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव खानापूरकडचं. प्रोफेशनल एथिक्सच्या सराव पेपरात असा प्रश्न होता: एक लॉ फर्म मशीन शॉपवाल्याच्या बाजूनं एका फाउंड्रीविरुद्ध दावा चालवतेय, खराब कास्टिंग दिल्याबद्दल नुकसानभरपाईचा. फाउंड्रीतून नोकरी सोडलेला क्वालिटी सुपरवायझर त्या फर्मकडं येतो आणि म्हणतो, माझी ग्रॅच्युइटी आणि पगार अडकवलाय, माझी केस घ्या, मोबदल्यात तुमच्या पक्षकाराला मदत करतो. त्याच्याकडं पेन ड्राइव्ह आहे, त्यात टेस्ट रिपोर्ट आहेत आणि मालकानं फाउंड्रीच्या वकिलाला पाठवलेले मेलही. फर्मनं काय करावं? मी लिहिलं की रूल 33 मुळं कॉन्फ्लिक्ट आहे, म्हणून केस घेता येत नाही. सरांनी दहापैकी तीन दिले. मैत्रिणीनं लिहिलं कॉन्फ्लिक्टच नाही, तिला चार! मग बरोबर काय? आणि खऱ्या ऑफिसात असं झालं तर काय करतात?

अगं, सरांनी तीन दिले ते पण तुझा शेवट बरोबर आहे म्हणून दिले असणार. केस घेऊ नये हे खरंच, पण कारण चुकलंय. आणि मैत्रिणीचं उलटं झालंय, तिनं रूल 33 लागत नाही हे बरोबर ओळखलं आणि तिथंच पेन खाली ठेवलं, म्हंजे अर्धी वाट दोघी चाललाय पण वेगवेगळ्या टोकाकडनं.

आधी रूल 33 बघू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत भाग 6, प्रकरण 2, तिथं वकिलाची पक्षकाराबद्दलची कर्तव्यं 11 ते 33 मध्ये दिलीत. शेवटचा 33 सांगतो की ज्या वकिलानं एखाद्या दाव्यात, अपिलात किंवा तशा कामात एका पार्टीला कधी सल्ला दिलाय, कागद तयार करून दिलेत किंवा तिच्यासाठी काम केलंय, त्यानं त्याच कामात विरुद्ध पार्टीसाठी उभं राहू नये. आता तुझ्या प्रश्नात बघ की, या फर्मनं फाउंड्रीचं काम कधी केलंय का? नाही. सुपरवायझर यांचा पक्षकार होता का? तोही नाही. तो समोरच्याकडं नोकरीला होता, आणि समोरच्याचा नोकर असणं आणि आपला पक्षकार असणं यात जमीनअस्मानाचा फरक. रूल 33 वकिलानं बाजू बदलण्याबद्दल आहे, साक्षीदारानं किंवा कामगारानं बाजू बदलण्याबद्दल नाही. वकिलानं बाजू बदलली तर काय होतं त्यासाठी चंद्रशेखर सोनी विरुद्ध बार कौन्सिल ऑफ राजस्थान हा 1983 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच. त्यात एका बाजूचं काम घेऊन नंतर दुसऱ्या बाजूनं उभं राहिल्याचा ठपका होता, तीन वर्षांची सनद बंदी सुप्रीम कोर्टानं एक वर्षावर आणली पण दोष काही पुसला नाही.

हां, एक फाटा आहे तो लिहायचा, त्यालाच मार्क असतात. फर्ममधला एखादा ज्युनिअर आधी फाउंड्रीच्या वकिलाकडं होता आणि त्यानं याच वादाची नोटीस ड्राफ्ट केली होती, असं निघालं तर 33 खाड्कन लागतो. आपल्या बेळगावच्या कोर्टात हे काही नवल नाही. ज्युनिअर पोरं दोन-तीन ऑफिसं फिरूनच तयार होतात. नियमात शब्द 'वकील' असा एकट्याचा आहे, फर्म असा नाही, पण एकाच वकीलपत्रावर चार-चार नावं असतात आणि फायली एकाच कपाटात, त्यामुळं त्या ज्युनिअरनं फक्त बाजूला बसावं म्हंजे झालं असं म्हणायला आपल्या नियमांत आधार सापडत नाही. परदेशात मोठ्या फर्ममध्ये भिंत घालून काम चालवतात तसली तरतूद इथं लिहिलेली नाही.

आता खरा कॉन्फ्लिक्ट कुठाय. तू आणि तुझी मैत्रीण दोघी फाउंड्रीकडं बघताय. फाउंड्री सोड. मशीन शॉपवाला आणि सुपरवायझर, या दोघांना समोरासमोर ठेव, कारण फर्मनं दोघांना घेतलं तर हे दोघं तिचे पक्षकार होणार आणि भांडण यांच्यातच लागायची शक्यता आहे. वरवर बघितलं तर दोघांचा शत्रू एकच, फाउंड्री. म्हणूनच लोक फसतात.

उद्यमबागेतली एखादी फाउंड्री डोळ्यासमोर आण. लोखंड वितळवून एक घाणा ओतला की त्याला हीट नंबर पडतो, त्या हीटचा नमुना तपासतात, कार्बन किती, सिलिकॉन किती, हार्डनेस किती, आणि माल जाताना त्या नंबरचं टेस्ट सर्टिफिकेट सोबत जातं. त्याच्या खाली सही कुणाची? क्वालिटीवाल्याची. म्हंजे आपल्या याच माणसाची. मच्छेतल्या मशीन शॉपवाल्यानं ते सर्टिफिकेट बघून माल घेतला, मशीनवर चढवला, वरचा थर कापल्यावर आत सगळे ब्लो होल, भोकंच भोकं. मग दावा. आता फाउंड्रीचा वकील कैफियतीत काय लिहील? मी असते तर पहिलं हेच लिहिलं असतं, की मालकाला काही माहिती नव्हतं, सुपरवायझरनं परस्पर न तपासता सह्या ठोकल्या, म्हणून तर त्याला काढला. किंवा सोडून गेला, जे काय असेल ते.

हे एकदा कैफियतीत आलं की मशीन शॉपवाल्याच्या वकिलाला विचार करावाच लागतो, या सुपरवायझरलाच प्रतिवादी करायचा का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 1 रूल 10 खाली नंतरही पार्टी जोडता येते. खोट्या सर्टिफिकेटवर सही म्हणजे फसवणुकीचा मुद्दा त्याच्या अंगावर वैयक्तिक येऊ शकतो. रूल 15 म्हणतो पक्षकाराचं हित निर्भयपणे, सगळ्या योग्य मार्गांनी जपा. आता हाच माणूस तुमचा दुसरा पक्षकार असेल तर त्याला ओढायचा सल्ला तुम्ही देणार कसा? दिला तर याचा घात, न दिला तर त्याचा.

पेन ड्राइव्हचंच घे. सुपरवायझर एखाद्या तिसऱ्याच वकिलाकडं गेला असता तर त्या वकिलानं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं, दादा ते पेन ड्राइव्ह कुणाच्या हातात देऊ नका, कुणाला दाखवू नका, नोकरीच्या पत्रात गुप्ततेची अट आहे का ते आधी बघू, उद्या फाउंड्रीनं चोरीची फिर्याद दिली तर तुम्हीच आत. आणि मशीन शॉपवाल्याच्या वकिलाला काय वाटणार? लवकर द्या, कॉपी मारतो. एकच वस्तू, एकच दिवस, आणि दोन पक्षकारांना द्यायचे सल्ले एकमेकांच्या बरोब्बर उलटे. कॉन्फ्लिक्ट आहे का हे तपासायची माझी रीत हीच, दोघांना द्यायचा प्रामाणिक सल्ला दोन कागदांवर वेगवेगळा लिहायचा आणि कागद शेजारी ठेवायचे. पेपरात हा एवढा परिच्छेद जरी नीट उतरवलास तरी सर पेन थांबवतील.

तडजोडीत तर अजून गंमत. फाउंड्री म्हणाली सुपरवायझरची सगळी थकबाकी उद्या देतो, फक्त त्यानं लिहून द्यावं की माल चांगला होता. त्याच्यासाठी सोनं, मशीन शॉपवाल्याच्या दाव्याची माती. कुणाचं ऐकणार?

यावर तू म्हणशील, दोघांची लेखी संमती घेऊ की. इथं रूल 14 येतो आणि याला मुलं नेहमी अर्धवट लिहितात. रूल 14 सांगतो की काम घेताना आणि काम चालू असतानाही, पार्ट्यांशी तुमचा काय संबंध आहे, वादात तुमचा काय हितसंबंध आहे, जे कळल्यावर पक्षकार तुम्हाला ठेवायचं की नाही याचा वेगळा विचार करेल, ते सगळं उघडपणे सांगा. पण सांगितलं म्हणजे सगळं माफ असं त्यात कुठंही नाही. सुपरवायझरची साधी केस असती, म्हणजे समजा तो फाउंड्रीत कॅन्टीन बघत होता आणि त्याचा कास्टिंगशी काडीचा संबंध नाही, तर मशीन शॉपवाल्याला सांगून, त्याची हरकत नाही असं लेखी घेऊन विचार करता आला असता. इथं सहीच त्याची आहे. दोघांनी डोळे मिटून संमती दिली तरी एकाच तोंडानं दोन उलटे सल्ले देता येणार नाहीत.

म्हणून निष्कर्ष तुझाच, केस घ्यायची नाही. पण त्यामुळं प्रश्न संपत नाही, कारण तो माणूस ऑफिसात येऊन खुर्चीवर बसलाय आणि बोलायला सुरुवात केलीय. खऱ्या ऑफिसात नुकसान होतं ते बहुतेक वेळा इथंच, केस घेण्या-न घेण्याआधी, पहिल्या दहा मिनिटांत.

तो काय करेल, तर मन मोकळं करेल. आपल्याकडची माणसं वकिलासमोर बसली की सुरुवातीपासून सांगतात. बोलता बोलता म्हणून गेला, मॅडम खरं सांगतो, मालकाचा फोन आला की मी न बघताच सही करायचो. झालं. आता ही गोष्ट तुम्हाला कळली कशी? सल्ला मागायला आलेल्या माणसानं विश्वासानं सांगितली म्हणून. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, जो 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्याचं कलम 132 म्हणजे जुन्या एव्हिडन्स अॅक्टचं 126. ते सांगतं वकिलीच्या कामात आणि कामासाठी पक्षकारानं सांगितलेलं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय फोडायचं नाही, आणि काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. बार कौन्सिलचा रूल 17 पण तेच बंधन वकिलावर घालतो, त्यात आकडा अजून जुना 126 चा आहे एवढंच. आता पहिल्या भेटीत, फी न घेता, तो पक्षकार झाला का? यावर वाद घालता येतो. पण शहाणा वकील वाद घालायची वेळ येऊ देत नाही, ते गुप्तच धरून चालतो.

आणि धरलं की अडकला. कारण हीच गोष्ट मशीन शॉपवाल्याच्या दाव्यात हुकमाचा एक्का आहे आणि त्याला सांगायची सोय नाही. वर रूल 24, पक्षकारानं टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नका. मग कधीकधी शेवट असा होतो की जुन्या पक्षकाराचंच वकीलपत्र सोडावं लागतं, रूल 12 प्रमाणे पुरेसं कारण आणि वेळेवर नोटीस देऊन, न केलेल्या कामाची फी परत करून. म्हंजे जो आपला नव्हता त्याला ऐकण्याच्या नादात जो आपला होता तो गेला.

त्यामुळं नाव आणि कंपनी कळल्या कळल्या थांबवायचं. शब्द साधारण असे. "बसा, चहा घ्या, पण काय झालं ते आत्ता मला सांगू नका. तुम्ही ज्या फाउंड्रीचं नाव घेतलं त्यांच्याविरुद्ध आमच्याकडं दुसऱ्या एकाचा दावा आहे. मी त्यांची वकील आहे, तुमची नाही, आणि तुमची होऊ शकणार नाही. तुमच्या पगाराच्या कामाला वेगळा वकील बघा. पेन ड्राइव्ह खिशातच राहू द्या." एवढं बोलायला मिनिटभर लागत नाही. शेजारी कारकुनाला बसवायचं, तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं याची चार ओळींची नोंद फायलीत. कारकुनालाही समज द्यायची, कारण कलम 132 चं बंधन वकिलाच्या नोकरमाणसांनाही लागू आहे आणि आपल्या कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर काय काय बोललं जातं ते सगळ्यांना माहितीय.

मग या माणसाशी पुढं बोलायचंच नाही का? तसं नाही. साक्षीदार म्हणून तो लागणारच आहे. इथं तुझ्या मैत्रिणीसारखी हुशार मुलं रूल 34 काढतात. रूल 34 म्हणतो ज्या पार्टीला वकील आहे तिच्याशी वादाच्या विषयावर थेट बोलू नका, तिच्या वकिलामार्फतच बोला. फाउंड्रीला वकील आहे, बरोबर. पण नोकरी सोडलेला सुपरवायझर म्हणजे फाउंड्री नव्हे, तो आता तिच्या वतीनं काही बोलू शकत नाही, काही कबूल करू शकत नाही. नियमाचे शब्द 'पार्टी' एवढेच आहेत आणि माजी नोकराबद्दल आपल्याकडं वेगळं स्पष्टीकरण दिलेलं नाही, म्हणून माझं वाचन असं की त्याच्याशी घडलेल्या गोष्टींबद्दल बोलायला रूल 34 आडवा येत नाही. नेटवर शोधलंस तर 4.2 सारखे आकडे सापडतील, माजी नोकराशी बोलायला कंपनीच्या वकिलाची परवानगी लागत नाही असं स्वच्छ लिहिलेलं. ते अमेरिकेतल्या बार असोसिएशनचे मॉडेल रूल्स आहेत. तुलनेला एक ओळ लिही, पण बार कौन्सिलचा नियम म्हणून लिहिलंस तर सरांनी लाल रेघ मारलीच समज. मी पेपर तपासायला बसते तेव्हा ही रेघ मलाही मारावी लागते.

बोलायचं तर मर्यादा पाळून. हीट कशी तपासायचे, स्पेक्ट्रोमीटर चालू होता का, रिजेक्ट माल कुठं जायचा, कुणाच्या सांगण्यावरनं सुटायचा, हे विचारायला हरकत नाही. मालक आणि त्यांचे वकील आपसात काय बोलले हे विचारायचं नाही, तो सांगायला लागला तरी थांबवायचं. आणि एकट्यानं बसून जबाब लिहून घ्यायचा नाही, कारण उद्या तो कोर्टात फिरला, मी असं बोललोच नाही म्हणाला, तर ते खोडायला साक्षीदार कोण? तुम्ही स्वतः. आणि रूल 13 सांगतो जिथं आपण साक्षीदार होणार असं वाटतंय तिथं वकील म्हणून उभं राहू नका. त्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या वकिलासमोर, तो नसेल तर निदान तिसऱ्या माणसासमोर, आणि खरंतर साक्षीदारांच्या यादीत नाव घालून कोर्टाचं समन्स काढणं सगळ्यात बरं.

'मोबदल्यात मदत' हे शब्द प्रश्नात उगीच टाकलेले नाहीत. साक्षीदाराला कोर्टानं ठरवलेला भत्ता आणि खर्च मिळतो, बस. फुकटात केस लढवून देतो, तुम्ही साक्ष द्या, हा सौदा झाला की त्याची साक्ष विकत घेतलेली ठरते. उलटतपासणीत पहिला प्रश्न, तुमची पगाराची केस कोण चालवतंय? वादीचेच वकील? फी किती दिली? शून्य? पुढं काही विचारायची गरजच नाही. म्हणजे एथिक्स बाजूला ठेवलं तरी मशीन शॉपवाल्याच्या दृष्टीनंसुद्धा हा तोट्याचा धंदा आहे, त्याचा सगळ्यात चांगला साक्षीदार आपण स्वतःच्या हातानं बाद केला.

आता पेन ड्राइव्ह. त्यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचं उत्तर वेगळं लिहायचं. टेस्ट रिपोर्ट हे फाउंड्रीचे धंद्याचे कागद. ते गुप्त सल्ल्याचे नाहीत, वादाशी थेट संबंधित आहेत, आणि ते मिळवायचा सरळ रस्ता आहे, कोर्टामार्फत कागद हजर करायला लावायचे. सुपरवायझरकडनं आता एवढं कळलं की अमुक रजिस्टर आहे, अमुक हीटचे रिपोर्ट ठेवलेले असतात, तर अर्जात नेमकं तेच मागता येतं. फाउंड्रीनं नाही म्हटलं, गहाळ झाले म्हटलं, तर तेही तिच्याविरुद्धच जातं. पेन ड्राइव्हची गरज पडत नाही.

मेलचं मात्र सांभाळून. त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम 134 प्रमाणं आपल्या कायद्याच्या सल्लागाराशी झालेलं गुप्त बोलणं कोर्टात उघड करायला कुणावर सक्ती करता येत नाही, आणि हा हक्क इथं फाउंड्रीचा आहे. सुपरवायझरला मेलची कॉपी मिळायची म्हणून तो त्या हक्काचा मालक होत नाही, त्याच्या देण्यानं फाउंड्रीनं हक्क सोडला असं होत नाही.

इथं दोन हरकती निघतात आणि चांगल्या उत्तरात त्या याव्यात. पहिली, आपल्याकडं पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो संबंधित आहे का हे बघतात. खरंय. 1973 चा आर. एम. मलकानी, 1974 चा पूरणमल, आणि 2019 मध्ये राफेलच्या कागदपत्रांवरचा यशवंत सिन्हा, सुप्रीम कोर्टाच्या या सगळ्या निकालांत रोख तोच. म्हणजे कदाचित तो मेल कोर्ट वाचेलही, निदान वाद तरी घालता येईल. पण प्रश्नपत्रिका एथिक्सची आहे, पुराव्याच्या कायद्याची नाही. या प्रकरण 2 च्या अगदी सुरुवातीला, रूल 1 च्या पण आधी, एक प्रस्तावना आहे जी कुणी वाचतच नाही. तिचा आशय असा की वकील नसलेल्या माणसाला जे कायदेशीर आणि नैतिक असू शकतं तेच वकिलाला अशोभनीय ठरू शकतं. या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं आहे. जोडीला रूल 4, पक्षकारालाही लबाडीच्या वाटेनं जाऊ देऊ नका. मशीन शॉपवाला म्हणाला मॅडम तुम्ही नका बघू, मी घेतो त्याच्याकडनं पेन ड्राइव्ह, तर त्यालाही अडवायचं.

दुसरी हरकत, मेलमध्येच फसवणुकीचा कट असेल तर? बेकायदेशीर हेतू पुढं नेण्यासाठी केलेल्या बोलण्याला कलम 132 संरक्षण देत नाही हे बरोबर. पण मेलमध्ये तसं आहे की नाही हे ठरवायचं कुणी? कोर्टानं. आपण आधी उघडून वाचायचं, मग म्हणायचं बघा फसवणूक निघाली, म्हणून वाचलं ते चाललं, हा उलटा क्रम. नुसतं 'दावा आलाय, टेस्ट रिपोर्टचं काय सांगायचं' असं मालकानं वकिलाला विचारलं असेल तर तो कट नव्हे, कुठलाही घाबरलेला माणूस हेच विचारतो.

म्हणून उघडायचं नाही, कॉपी करायची नाही, ठेवून घ्यायचं नाही, तिथल्या तिथं परत. आणि मशीन शॉपवाल्याला कळवायचं, असा असा माणूस आला होता, केस घेतली नाही, काही वाचलेलं नाही, तुम्हीही घेऊ नका. हे रूल 14 मध्येच बसतं. चुकून एखाद्या ज्युनिअरनं लॅपटॉपला लावून दोन मेल वाचलेच असतील तर त्याला त्या फायलीपासून लांब ठेवायचं, काय वाचलं ते दुसऱ्या कुणाला सांगू द्यायचं नाही आणि पक्षकाराला ते उघड करायचं. लपवलेलं बाहेर येतंच. समोरच्या वकिलाला लगेच वास येतो, तुमची उलटतपासणी अशा तारखा आणि अशा वाक्यांवर जायला लागते की जी त्यांच्या दोघांशिवाय कुणाला माहीतच नव्हती. मग वकीलपत्र रद्द करायचा अर्ज, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली राज्य बार कौन्सिलकडं तक्रार, आणि शिस्तपालन समितीसमोर दोन ओळींच्या मेलसाठी वर्षभर हेलपाटे. शिक्षा ताकिदीपासून नाव काढण्यापर्यंत कुठलीही असू शकते.

परीक्षक प्रश्न थोडा फिरवून टाकतात म्हणून अजून एक. सुपरवायझरच्या जागी फाउंड्रीचा माजी लॉ ऑफिसर आला तर? पगारी नोकर असल्यामुळं त्याला कलम 132 चं संरक्षण नाही, ते प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलासाठी, असं सुप्रीम कोर्टानं 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात सांगितलंय, वकिलांना तपासासाठी बोलावण्याबद्दलचं ते स्वतःहून घेतलेलं प्रकरण होतं. पण बाहेरच्या वकिलाशी झालेला कंपनीचा पत्रव्यवहार कलम 134 मध्ये येतोच. आणि अशा माणसाच्या डोक्यात पूर्ण केसची आखणी असते, त्यामुळं त्याच्याशी घडलेल्या गोष्टींपुरतं बोलू म्हणणंसुद्धा कठीण. तिथं मी नुसतं नमस्कार-चमत्कारावरच थांबेन.

लिहिताना क्रम असा ठेव, की आधी कोण कुणाचा पक्षकार आहे ते दोन वाक्यांत, मग 33 का नाही, मग 14 आणि 15 धरून दोन पक्षकारांमधला कॉन्फ्लिक्ट सहीच्या उदाहरणासकट, मग पहिली भेट आणि 132, आणि शेवटी पेन ड्राइव्ह. 34 ला एक छोटा परिच्छेद पुरे. कलमांची यादी पाठ करून ओतू नकोस, या प्रश्नाला चार-पाचच लागतात.

राहिलं सुपरवायझरचं. त्याला नुसतं हाकलायचं नाही, कारण तो समजून बसतो की वकिलीणबाईंना सांगून आलोय, आता त्या बघतील, आणि तिकडं मुदत सरते. म्हणून त्याच दिवशी एक पत्र द्यायचं, आम्ही तुमचं काम घेतलेलं नाही, तुमचे कुठलेही कागद आमच्याकडं नाहीत, तुमच्या मागणीला कायद्याची मुदत असू शकते तेव्हा लगेच दुसऱ्या वकिलाकडं जा. ग्रॅच्युइटीसाठी कामगार खात्यात अर्ज करता येतो आणि परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या कानूनी सेवा प्राधिकाराच्या ऑफिसात चौकशी करा, एवढी माहिती देणं म्हणजे सल्ला देणं नव्हे. कुठल्या एका वकिलाचं नाव मात्र सुचवू नये, तेही आपल्याच मित्राचं तर नाहीच. आणि ते पत्र मराठीत लिहायचं. आपल्या कोर्टाचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं म्हणून ऑफिसातले सगळे नमुने त्याच भाषांत असतात, पण खानापूरकडच्या माणसाला इंग्रजी पत्र दिलं तर तो ते घडी करून खिशात ठेवणार आणि घरी सांगणार की वकिलांनी केस घेतली, कागद पण दिलाय. खाली वाचून समजलं म्हणून त्याची सही घे आणि एक प्रत मशीन शॉपवाल्याच्या फायलीत लाव.